एकत्र कुटुंबातल्या नवरा-बायकोचे मेसेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं मुख्यतः शहरातल्या लहान घरांसाठी आहेत. वन बीएचके, चाळीतली खोली, दोन भाऊ आणि त्यांचे संसार एकाच छपराखाली, अशी घरं. सासू-सासरे, दीर, मुलं सगळे आहेत, प्रेमानेही आहेत, पण नवरा-बायकोला दार लावून पाच मिनिटं बोलता येत नाही. फोनबद्दलची माहिती व्हॉट्सॲप धरून दिली आहे, कारण बहुतेक जोडपी तेच वापरतात.

एकाच घरात राहतो, रोज समोर दिसतो. मग मेसेज कशाला करायचे?

कारण घरात जे काही बोलाल ते पाच जण ऐकतात. साहजिकच माणूस पाच जणांनी ऐकलं तरी चालेल एवढंच बोलायला लागतो. गॅस संपत आलाय, शाळेची फी भरायची आहे, बाबांच्या गोळ्या आणल्या का. हे बोलणं वाईट नाही, संसार त्यावरच चालतो. पण वर्ष-दोन वर्षं एवढंच बोलणं झालं की दुसरं बोलायची सवय सुटते. मग एखाद्या लग्नाच्या निमित्ताने दोघांना एस.टी.त शेजारी शेजारी चार तास मिळतात, आणि तिथेही विषय फीचाच निघतो. हे मी खूप जोडप्यांकडून ऐकलं आहे.

मुंबईतल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात तीन पिढ्या राहिल्या. तेव्हाची जोडपी चौपाटीवर जाऊन बसायची, कुणी डब्यात चिठ्ठी ठेवायचं. आज चिठ्ठीची जागा फोनने घेतली आहे. मात्र चिठ्ठीचा शेवट बहुतेक वेळा भेटीत व्हायचा, ‘सहाला कोपऱ्यावर ये’ असा. आजच्या मेसेजमधून नेमकं तेच गळलं आहे. माझं सांगणं एवढंच, की मेसेजमधून घरातल्याच दिवसात एखादी छोटी भेट ठरली पाहिजे. नुसती बदामाची चित्रं पाठवत राहिलात तर आठवडाभरात दोघांनाही कंटाळा येईल.

लिहायचं काय? आम्हाला शायरी वगैरे येत नाही.

शायरी नकोच. फॉरवर्ड केलेला गुलाबाचा फोटोही नको. तोच फोटो सकाळी फॅमिली ग्रुपवर मावशींनीही टाकलेला असतो.

घरात जे पाहिलंत पण सगळ्यांसमोर बोलता आलं नाही, ते लिहा. ‘सकाळी ओले केस टॉवेलात बांधून तू चहा गाळत होतीस. बाबा समोर पेपर वाचत होते म्हणून मी खाली बघत बसलो.’ यात अलंकार एकही नाही, पण हा मेसेज दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही. ‘यू आर लुकिंग ब्युटिफुल’ कुणालाही पाठवता येतो. फरक तपशिलात आहे : कुठली साडी, कोणता क्षण, त्या वेळी खोलीत कोण होतं, आणि तुम्ही काय करू शकला नाहीत.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे जुनी आठवण, आणि तीही नेमकी. ‘लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तू काळी साडी नेसली होतीस आणि हलव्याच्या दागिन्यांतला एक दाणा माझ्या खिशात सापडला होता.’ अशा मेसेजला उत्तर देणं सोपं जातं, कारण समोरच्याकडेही त्याच दिवसाची स्वतःची आठवण असते.

आणि तिसरी, आज होऊ शकेल अशी एखादी गोष्ट. ‘एकदा आपण काश्मीरला जाऊ’ हे ठीक आहे, पण ‘आज रात्री कचरा टाकायला मी खाली जाईन तेव्हा तूही दूध आणायच्या निमित्ताने ये’ यात जास्त प्रणय आहे. ते खरंच घडणार असतं.

बायकोच्या कामाचं कौतुक करताना थोडं जपा. ‘आमटी मस्त झाली होती’ हा मेसेज वाईट नाही, पण रोज तेवढंच आलं तर तिला आपण स्वयंपाकीण वाटायला लागतो. आमटीबद्दल सगळ्यांसमोर, जेवतानाच बोला. ते ऐकून कुणाला अवघडायला होत नाही आणि तिला घरात मान मिळतो. मेसेज तिच्यासाठी ठेवा.

एखाद्या दिवसाचं पूर्ण उदाहरण द्याल का?

डोंबिवलीतलं एक घर घेऊ. साधारण चारशे चौरस फूट, माणसं सहा. हॉलमध्ये सासू-सासरे आणि दीर झोपतात. आतल्या खोलीत नवरा-बायको आणि सहा वर्षांची मुलगी. ती खोली नावाला यांची, कारण घरातलं एकमेव मोठं कपाट तिथेच आहे. टॉवेल, औषधं, बिलं, सगळ्यासाठी कुणी ना कुणी आत येतं. दाराची कडी रात्री अकराच्या आधी लावली तर बाहेर शांतता पसरते आणि ती शांतता दोघांनाही ऐकू येते. तो दादरला नोकरीला, ती घरून शिकवण्या घेते.

सकाळी तो निघतो तेव्हा दारात सासरे चपला शोधत असतात, मुलगी दप्तरासाठी रडत असते. ‘येतो’ म्हणून तो जातो. गाडीत जागा मिळाली की लिहितो : ‘निघताना तुझ्या गालाला पीठ लागलं होतं. पुसणार होतो, पण आई बघत होती.’

ती लगेच वाचत नाही. साडेदहाला सासूबाई देवळात जातात तेव्हा वाचते आणि एवढंच लिहिते : ‘मग अजून पुसलेलं नाही.’ त्याला दिवसभर पुरेल एवढं या चार शब्दांत आहे.

दुपारी काही नाही. त्याचं काम, तिची मुलं. हा रिकामा वेळ रिकामाच राहू द्यावा. दर अर्ध्या तासाला ‘जेवलीस का’, ‘काय करतेस’ येत राहिलं तर फोन वाजल्यावर आनंद होत नाही, दडपण येतं. शिवाय घरातल्यांच्या ते लक्षात येतं.

साडेपाचला ती लिहिते : ‘आज कोथिंबीर संपली आहे.’ घरात खरंच संपली आहे. पण या दोघांत त्याचा एक अर्थ ठरलेला आहे : मी स्टेशनकडे भाजीला येते. तो उत्तर देतो : ‘६:५० ची मिळेल.’ त्या गाडीने पाऊण-एक तासात तो उतरतो. ती जिन्यापाशी पिशवी घेऊन उभी असते. दोघं भाजी घेतात, अर्धा अर्धा चहा पितात आणि मुद्दाम लांबच्या गल्लीने चालत घरी येतात. मिळतात वीस-पंचवीस मिनिटं. वाटेत तो गालाचं पीठ पुसायचं राहिलं म्हणतो. यातलं काहीही खोटं बोलून मिळवलेलं नाही. कोथिंबीर घरी आली आहे.

रात्री जेवणं, भांडी, मुलीचा अभ्यास. दोघं एकमेकांशी चार वाक्यं बोलतात, तीही भाजीच्या भावाबद्दल. पण आता घरातलं हे बोलणं कोरडं वाटत नाही. झोपायच्या आधी मुलगी दोघांच्या मधे असते, दिवा मालवलेला. या वेळी ते फोन वापरत नाहीत. अंधारात पडद्याचा उजेड मुलीला जागं करतो, आणि हात पुढे केला की हाताला हात लागतोच.

हे रोज घडत नाही. आठवड्यातून दोनदा घडलं तरी भरपूर आहे. गाडी चुकते, सासूबाई म्हणतात ‘मीच जाते भाजीला, पाय मोकळे होतील’, आणि बेत फसतो. तेव्हा ती लिहिते : ‘आज कोथिंबीर आई आणताहेत.’ त्याला कळतं. त्या दिवशी तो स्टेशनवर उतरल्यावर फोन करतो आणि घरी पोचेपर्यंत दोघं बोलतात. ती गॅलरीत कपडे काढत असते.

अशा खुणेच्या शब्दांनी घरच्यांना संशय येणार नाही का?

खुणेचा शब्द घरातलाच साधा असावा. कोथिंबीर, इस्त्रीचे कपडे, रिचार्ज, गच्चीवरचं वाळवण. ‘मिशन’, ‘प्लॅन बी’ असले शब्द कुणी वाचले तर उलट प्रश्न उभे राहतात. दोन-तीन खुणा पुरतात : भेटायला ये, आज मन ठीक नाही, आत्ता फोन दुसऱ्याच्या हातात आहे. ही तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. ती मिळाली की समोरच्याने साधं, घरगुती उत्तर द्यायचं आणि थांबायचं.

मी लिहिते, पण उत्तर तासन् तास येत नाही. त्यांना माझ्यात रस उरला नाही का?

आधी एकमेकांच्या दिवसाचे मोकळे तुकडे माहीत करून घ्या. नवऱ्याला बायकोचा मोकळा वेळ बहुधा माहीतच नसतो. घरात असणारी बाई मोकळी असते हा समज चुकीचा आहे. दुपारी दीड वाजता ती सासूबाईंशेजारी बसून धान्य निवडत असेल तर फोन हातात घेऊन हसणं तिला शक्य नाही. तसंच त्याच्या ऑफिसात वरिष्ठ शेजारी बसत असतील तर दुपारचे तुमचे मेसेज तो न उघडताच ठेवणार.

म्हणून दोघांनी मिळून दिवसातल्या दोन वेळा ठरवा. एक त्याच्या प्रवासाची, एक तिच्या एकांताची. त्यातच उत्तराची अपेक्षा ठेवायची. एरवी मेसेज आला तर तो पत्रासारखा, वेळ मिळेल तेव्हा वाचायचा. निळ्या खुणा बघून मन खट्टू होत असेल तर ‘Read receipts’ बंद ठेवा, पण दोघांनीही ठेवा. मात्र ठरलेल्या वेळेतही आठवडेच्या आठवडे नुसतं ‘हं’ आणि अंगठाच येत असेल तर ते मेसेजवर विचारू नका. त्यासाठी एखाद्या संध्याकाळी बाहेर भेटावं लागेल.

फोन ओट्यावर असतो आणि मेसेज वर झळकतो. सासूबाईंनी वाचला तर?

बहुतेक गडबडी इथेच होतात, आणि हे थांबवणं सगळ्यात सोपं आहे. आयफोनवर व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘Notifications’ मध्ये जाऊन ‘Show Preview’ बंद करा. मेसेज आल्याचं कळतं, मजकूर दिसत नाही. अँड्रॉइडवर दोन ठिकाणी बघायचं. एक, फोनच्या सेटिंगमध्ये लॉक स्क्रीनवर सूचनेचा मजकूर लपवण्याची सोय असते, ती चालू करा. दुसरं अनेकांच्या लक्षात येत नाही. फोन उघडा असताना, म्हणजे तुम्ही सासूबाईंना पाककृतीचा व्हिडिओ दाखवत असताना, पडद्याच्या वरच्या बाजूला मेसेज सरकत येतो. तो थांबवायला व्हॉट्सॲपच्या ‘Notifications’ मधलं ‘Use high priority notifications’ बंद करा.

झाल्यावर खात्री करा. नवऱ्याला समोर बसवून ‘चाचणी’ असा मेसेज पाठवायला सांगा. एकदा फोन लॉक असताना, एकदा व्हिडिओ चालू असताना. आणि हेच त्याच्याही फोनवर करा. आपण लिहिलेलं त्याच्या फोनवर दिसतं हे बऱ्याचदा विसरलं जातं.

चॅट लॉक करावं का? लॉक दिसलं तर ‘काय लपवतेस’ असं होईल.

व्हॉट्सॲपने ही सोय मे २०२३ मध्ये आणली. चॅटवर बोट दाबून धरलं की पर्यायांत ‘Lock chat’ येतं. मग ते चॅट यादीतून निघून वेगळ्या कप्प्यात जातं, सूचनेत नाव आणि मजकूर दोन्ही येत नाहीत. तो कप्पाही दिसू नये असं वाटत असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये ‘Secret code’ ठेवून कप्पा लपवता येतो. नंतर शोधण्याच्या चौकटीत तो कोड लिहिला तरच तो उघडतो. या चॅटमधून येणारे कॉल मात्र नावासकट दिसतात.

पण इथे माझं मत थोडं वेगळं आहे. नवऱ्याचं चॅट यादीतून पूर्ण गायब झालं तर उलट ते विचित्र दिसतं. ‘दादाला मेसेज कर’ असं कुणी म्हणालं आणि फोनमध्ये दादाच नाही, तर काय सांगाल? त्यापेक्षा नेहमीचं चॅट उघडं ठेवा, त्यात दूध-भाजी-फी चालू द्या. आपलं दोघांचं बोलणं दुसऱ्या ॲपवर किंवा दुसऱ्या नंबरवर करा आणि लॉक त्याला लावा. दोन ठिकाणं सांभाळायची दगदग नको असेल तर एकाच चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू करा. मुदत २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस अशी निवडता येते. सात दिवस मला बरे वाटतात. चोवीस तासांत वाचायचंच राहून जाण्याची भीती असते.

लॉक फोनच्याच बोटाच्या ठशाने उघडतं, हेही लक्षात असू द्या. कधीतरी सोयीसाठी मुलाचा किंवा नणंदेचा ठसा त्या फोनमध्ये घेतला असेल तर लॉक त्यांनाही उघडतं. फोनच्या सेटिंगमध्ये किती ठसे आहेत ते मोजा आणि जास्तीचे काढा.

चुकून फॅमिली ग्रुपवर गेला तर काय करायचं?

‘Delete for everyone’ करा. त्यासाठी दोन दिवसांहून थोडी जास्त मुदत असते, पण उपयोग पहिल्या मिनिटातच. नंतर ‘हा मेसेज हटवला आहे’ अशी ओळ राहते आणि कुणीतरी विचारतंच, काय होतं? मजकूर बदलणं अनेकदा जास्त चांगलं. पाठवल्यापासून १५ मिनिटांपर्यंत मेसेज दुरुस्त करता येतो. ‘आज लवकर ये ना, वाट बघतेय’ याचं ‘आज लवकर ये, पाहुणे येणार आहेत’ होऊ शकतं. मेसेजवर ‘दुरुस्त केला’ एवढीच खूण राहते. काही जणांनी सूचनेतून मूळ मजकूर वाचलेला असू शकतो, त्याला इलाज नाही.

चूक होऊ नये म्हणून नवऱ्याच्या चॅटचा वॉलपेपर वेगळा ठेवा, गडद रंगाचा. ग्रुपचा नेहमीचा फिका राहू द्या. टाइप करताना डोळ्यांना मागचा रंग आधी दिसतो. आणि दोघांचं चॅट व फॅमिली ग्रुप एकाखाली एक पिन करू नका.

आणि गेलाच एखादा साधा प्रेमळ मेसेज ग्रुपवर, तर त्यावर लांबलचक खुलासा देऊ नका. नवरा-बायकोने एकमेकांना ‘वाट बघतेय’ म्हणणं हा गुन्हा नाही. मोठी माणसं बहुतेक वेळा न पाहिल्यासारखं करतात. आपण खुलासा केला की त्यांना काहीतरी म्हणावंच लागतं.

मुलगा सतत फोन घेतो. वाचताही यायला लागलं आहे.

मुलाला कार्टून लावून देताना अँड्रॉइडवर ‘App pinning’ करा. ते सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात सापडतं. तिथेच बाहेर पडताना पिन विचारण्याचा पर्यायही चालू ठेवा, मग पिन टाकल्याशिवाय त्या ॲपमधून बाहेर पडता येत नाही. आयफोनवर हेच काम ‘Guided Access’ करतं.

एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. कीबोर्ड आपले शब्द शिकतो. तुम्ही रात्री नवऱ्याला जे लिहिता, ते दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेच्या ग्रुपवर ‘आज’ टाइप करतो तेव्हा वरच्या पट्टीत पुढचे शब्द म्हणून येऊ शकतं. जीबोर्ड असेल तर नको तो शब्द पट्टीत दिसल्यावर बोट दाबून धरा आणि कचऱ्याच्या डब्याकडे ओढा. सगळंच पुसायचं असेल तर जीबोर्डच्या सेटिंगमध्ये ‘Privacy’ खाली ‘Delete learned words and data’ आहे.

लिहिण्यापेक्षा आवाज ऐकायला आवडतो. व्हॉइस मेसेज सुरक्षित आहे का?

आवाजात जे येतं ते अक्षरात येत नाही, म्हणून जरूर पाठवा. ऐकणाऱ्याने फोन कॉलसारखा कानाला लावायचा. मग आवाज स्पीकरवर न येता कानाच्या बाजूने येतो आणि बघणाऱ्याला वाटतं साधा कॉल चालू आहे. एकच सावधगिरी : ब्लूटूथ. घरातला स्पीकर किंवा गाडी फोनला जोडलेली असेल तर तुमचा कुजबुजलेला निरोप आरतीच्या स्पीकरमधून ऐकू येईल. ऐकण्याआधी ब्लूटूथची खूण बघा. पाठवणाऱ्यानेही सुरुवातीचे काही शब्द साधे बोलावेत, ‘हां, अगं ऐक’ असं, म्हणजे चुकून मोठ्याने सुरू झालं तरी थांबवायला वेळ मिळतो.

बोलायची जागा शोधणं मात्र अवघड असतं. गच्ची, जिना, मेडिकलच्या दुकानाची रांग, रिक्षा. बाथरूममधून बोलू नका. चाळीत आणि जुन्या इमारतींत तिथला आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो.

खासगी फोटो पाठवावेत का?

साडीतला, हसणारा, मुलीने काढलेला वेडावाकडा फोटो खुशाल पाठवा. त्या चॅटच्या माहितीत जाऊन ‘Media visibility’ बंद ठेवा म्हणजे तो अँड्रॉइडच्या गॅलरीत दिसणार नाही. नाहीतर सासरे पुतण्याच्या मुंजीचे फोटो बघता बघता तिथे पोचतात.

उघडे फोटो पाठवू नका असं मी स्पष्ट सांगेन. नवऱ्यावर विश्वास आहेच. पण फोन दुरुस्तीला जातो, हरवतो, भावाला वापरायला दिला जातो. ‘View once’ ने पाठवलेला फोटो एकदाच उघडतो आणि त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. तरी शेजारून दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढता येतोच. तरीही पाठवायचं दोघांनी ठरवलं तर चेहरा आणि ओळखू येईल अशी खोली त्यात नको. आणि एकाने ‘नको’ म्हटलं की विषय तिथेच संपला. लग्न झालंय म्हणून फोटो मागण्याचा हक्क मिळत नाही. कुणी असा फोटो पसरवला किंवा तशी धमकी दिली तर cybercrime.gov.in वर तक्रार करता येते.

माझा फोन घरात कुणीही उचलतं. माझा स्वतःचा असा नाहीच.

ही अनेक सुनांची स्थिती आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या सुमारे ५४ टक्केच स्त्रियांनी सांगितलं की त्यांच्याकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल आहे. नवऱ्याचा फोन कुणी उचलत नाही, सुनेचा मात्र ‘जरा बघू’ म्हणून घेतला जातो. याचा बंदोबस्त नवऱ्याने करायचा आहे, तिने नव्हे. ‘तिच्या फोनवर शिकवणीच्या पालकांचे मेसेज येतात, तो तिच्याकडेच राहू दे’ हे वाक्य मुलाने आईला सांगितलं तर दहा सेकंदांत पटतं. तेच सुनेने सांगितलं तर उद्धटपणा ठरतो. हे बरोबर नाही, पण आज असंच आहे.

फोन सामाईकच राहणार असेल तर त्याने लिहिताना हात आखडता घ्यावा. ठरलेल्या वेळेआधी फक्त ‘फोन तुझ्याकडे आहे का?’ असं लिहावं. उत्तरात ठरलेली खूण आली तरच पुढे.

आणि एक वेगळी गोष्ट. तिचा फोन तपासणारी व्यक्ती नवराच असेल, तर हा प्रणयाचा प्रश्न राहिला नाही. मेसेजच्या युक्त्यांनी तो सुटणार नाही.

घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणते. मेसेजमध्ये ‘तू’ लिहिलं तर चालेल?

दोघांना आवडत असेल तर नक्की. पुष्कळ जणी घरात ‘अहो’ आणि मेसेजमध्ये ‘तू’ किंवा सरळ नाव लिहितात, आणि नवऱ्यांना त्याचं केवढं अप्रूप असतं! अख्खा दिवस दोघांपुरता ठेवता येणारा हा सगळ्यात लहान एकांत आहे. सुरुवात नवऱ्याने करून द्यावी : ‘इथे मला तू म्हण.’ तिला अवघड वाटलं तर आग्रह नको. ‘अहो’ मध्येही खूप काही लिहिता येतं.

भांडण मेसेजवर मिटवावं का? घरात भांडायलाही जागा नाही.

भांडण मेसेजवर नको. लिहिलेलं कडू वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं जातं. आणि घरातल्या माणसाबद्दलची तक्रार तर अजिबात लिहू नका. ‘तुमच्या आईने आज पुन्हा’ असं सुरू झालेलं वाक्य चुकीच्या माणसाने वाचलं, तर त्याची किंमत वर्षानुवर्षं मोजावी लागते. प्रेमाचा मेसेज कुणी वाचला तर दोन दिवस लाज वाटेल, इतकंच. मेसेजवर एवढंच लिहा : ‘माझ्या मनात राग आहे. आज बोलायचं आहे. कोथिंबीर.’ मग बाहेर जाऊन बोला, चालता चालता. घरी परतायच्या आत नाही मिटलं तर पुढची वेळ ठरवा.

अबोला सुटायला मात्र मेसेज कामी येतो. समोरासमोर ‘माझं चुकलं’ म्हणायला पाच जणांची गर्दी आड येते. तिथे एक ओळ पुरते.

मेसेजवर आम्ही छान बोलतो, पण समोर आलो की परके. असं का?

मेसेजमधलं काही घरात उतरत नसेल तर असं होतं. दिवसभर जे लिहिलं, त्यातली एक गोष्ट संध्याकाळी कृतीत आणा, सगळ्यांसमोर चालेल अशी. सकाळी ‘पाठ दुखतेय’ असं तिने लिहिलं असेल तर रात्री तिच्या हातातली घागर त्याने घ्यावी. गाडीत उभं राहून यावं लागलं असं त्याने लिहिलं असेल तर पाण्याचा तांब्या मागायच्या आधी पुढे यावा. कुणाला काही कळत नाही, त्या दोघांना कळतं. शारीरिक जवळीक कमी झाली असेल तर तेही लिहून विचारता येतं. तोंडाने विचारणं अवघड असतं, आणि ‘आज खूप दमलेय, शनिवारी’ असं मोकळं उत्तरही लिहूनच सोपं जातं. त्यावर रुसून बसू नये.

गणपतीत, किंवा घरी पाहुणे असताना आठवडाभर काहीच जमणार नाही. तेव्हा एकच मेसेज करा, विसर्जनानंतरचा एखादा दिवस ठरवणारा. वाट बघायला तारीख लागते.

आमच्यातल्या एकाकडे साधा, बटणांचा फोन आहे.

मग एसएमएस. मराठी अक्षरांत लिहिलं तर एका एसएमएसमध्ये काना-मात्रा वेगळ्या धरून ७० चिन्हं मावतात, त्यापुढे तो दोन मेसेज म्हणून मोजला जातो. सत्तर चिन्हांत ‘गालाला पीठ होतं’ आरामात बसतं. साध्या फोनवर लॉकची सोय तुटपुंजी असते, म्हणून वाचून झाला की मेसेज पुसायचा, आणि ‘पाठवलेले’ हा कप्पाही पुसायचा, तो नेहमी राहून जातो. मिस्ड कॉलची खूणही ठरवता येते : एक म्हणजे गाडीत बसलो, दोन म्हणजे स्टेशनवर ये.